पाच क्रिया, एकच क्रियापद : ‘ऊन’ची साखळी कशी चालते?

प्रयोगाच्या वहीत सापडेल असं एक साधं वाक्य घेऊ.

‘तिने शेतातून माती आणून, सावलीत वाळवून, लाकडी खलबत्त्यात कुटून आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून सामू मोजला.’

क्रिया मोजा. आणणं, वाळवणं, कुटणं, चाळणं, मोजणं. पाच झाल्या. पण पूर्ण क्रियापद किती? एकच, ‘मोजला’. बाकीच्या चार क्रियांना फक्त ‘ऊन’ लागलंय. ‘आणून’ या शब्दाकडे एकटं बघितलं तर माती कोणी आणली, कधी आणली, आणणारी बाई होती की बाप्या, एक होता की चार, यातलं काहीच कळत नाही. आणि तरीही वाक्य वाचताना आपण क्षणभरही अडखळत नाही. मग ही माहिती येते कुठून?

मी विज्ञान शाखेतून भाषेच्या संशोधनाकडे आले, त्यामुळे मला असे प्रश्न प्रयोगासारखे हाताळायला आवडतात. वाक्यात एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी काय काय हलतं ते बघायचं. या लेखात आपण तेच करणार आहोत. वर्षभरात तुम्ही कार्यपद्धतीचं प्रकरण लिहायला बसाल, तेव्हा तुमची निम्मी वाक्यं ‘ऊन’वर उभी असतील. हे यंत्र कुठे दगा देतं हे माहीत असलेलं बरं.

शेवटचं क्रियापद बदलून बघा

पहिला प्रयोग काळाचा. ‘मोजला’च्या जागी ‘मोजणार आहे’ लिहा आणि ‘तिने’चं ‘ती’ करा. ‘ती माती आणून, वाळवून, कुटून, चाळून सामू मोजणार आहे.’ झटक्यात पाचही क्रिया भविष्यात गेल्या. आता आज्ञा करा : ‘माती आणून, वाळवून, कुटून, चाळून सामू मोज.’ आता पाच हुकूम झाले. ‘मोजायला हवा’ केलं तर पाच कर्तव्यं. आपण हात लावला फक्त साखळीच्या शेवटच्या कडीला, हलली सगळी साखळी.

याची मर्यादाही लगेच दिसते. ‘काल माती आणून उद्या सामू मोजणार आहे’ हे वाक्य खटकतं. आणण्याला स्वतःचा काळच नाही, तो ‘मोजणार आहे’कडून उसना घ्यावा लागतो, आणि तिथून मिळतो भविष्यकाळ. ‘काल’शी त्याचं जमत नाही. इथे साखळी तोडावी लागते : ‘काल माती आणली आहे, उद्या सामू मोजणार.’

दुसरा प्रयोग ‘ने’चा, आणि हा जास्त मजेशीर आहे. मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला साधारणपणे ‘ने’ लागतो : तिने माती आणली, तिने माती चाळली. अकर्मकाला लागत नाही : ती गेली, ती बसली. (हा प्रयोग ‘तो’ किंवा ‘ती’ घेऊनच करा. ‘मी’ आणि ‘तू’ दोन्हीकडे सारखेच दिसतात.) आता एकाच साखळीत दोन्ही प्रकार मिसळले तर कोणाचं चालतं?

‘ती माती आणून, वाळवून, चाळून घरी गेली.’ तीन सकर्मक क्रिया ‘ने’ मागणाऱ्या, शेवटची एकच ‘ने’ नको म्हणणारी. तरीही ‘ने’ आला नाही. उलट करून बघू. ‘तिने प्रयोगशाळेत जाऊन, खुर्चीवर बसून सामू मोजला.’ ‘जाणे’ आणि ‘बसणे’ यांना ‘ने’ चालत नाही, पण शेवटच्या ‘मोजला’ला हवा म्हणून तो आला. इथे बहुमत चालत नाही. कर्त्याचं रूप शेवटचं क्रियापद एकटं ठरवतं. ‘मोजला’ हे पुल्लिंगी रूपही सामूमुळे आलंय. साखळीभर माती माती चाललीय, पण तिच्या स्त्रीलिंगाला इथे कोणी विचारत नाही.

म्हणजे ‘ऊन’ लागलेलं रूप रिकाम्या डब्यासारखं आहे. त्याला काळ, पुरुष, लिंग, वचन यांपैकी काही नाही. इंजिन शेवटी. म्हणूनच पारंपरिक मराठी व्याकरणात याला अव्ययात टाकतात. पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यय असं ते लांबलचक नाव आहे.

पाणिनीच्या दोन अटी

हे रूप फार जुनं आहे. संस्कृतात याचं काम ‘त्वा’ करतो : गत्वा, कृत्वा. महाराष्ट्री प्राकृतात ‘ऊण’ दिसतो, जुन्या मराठीत ‘ऊनि’, आणि आज आपल्या तोंडी ‘ऊन’. हिंदीत ‘जाकर’ हेच काम करतं, कन्नडमध्ये ‘होगि’. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषांत ही रचना इतकी पसरली आहे, की कॉलिन मसिका यांनी १९७६च्या आपल्या पुस्तकात दक्षिण आशियाला एक भाषिक प्रदेश ठरवताना जी वैशिष्ट्यं तपासली, त्यांत तिचाही समावेश होता.

पाणिनीने अष्टाध्यायीत ‘त्वा’साठी (३.४.२१) दोन अटी घातल्या. एक, दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा. दोन, ‘त्वा’ लागलेली क्रिया आधी घडलेली हवी. आपल्या ‘ऊन’लाही साधारण याच अटी लागू पडतात. ‘साधारण’ हा शब्द महत्त्वाचा, कारण दोन्ही अटींना मराठीत फटी आहेत. एकेक बघू.

अट पहिली : कर्ता एकच

ही दोन वाक्यं शेजारी ठेवा.

‘तिने माती वाळवून चाळली.’
‘तिने माती वाळून चाळली.’

फरक एका ‘व’चा. पण दुसरं वाक्य कानाला टोचतं. वाळवते ती, वाळते माती. ‘वाळून’ म्हटलं की कर्ता माती, आणि ‘चाळली’चा कर्ता ती. साखळीला कर्ता एक लागतो, इथे दोन झाले. तिथे ‘माती वाळल्यावर तिने चाळली’ असंच म्हणावं लागतं. ‘मी खोलीत येऊन वीज गेली’ हेही याच कारणाने चालत नाही, ‘मी खोलीत आल्यावर वीज गेली’ चालतं. कर्ता बदलला की ‘ऊन’ सोडायचं आणि ‘ल्यावर’ घ्यायचं, हा नियम आपण न शिकता पाळतो.

लक्षात घ्या, अट कर्त्याची आहे, कर्माची नाही. पहिल्या वाक्यात माती चाळली पण मोजला सामू. कर्म बदललं तरी साखळी तुटली नाही.

आता फटी. ‘बाटली पडून आम्ल सांडलं.’ पडली बाटली, सांडलं आम्ल. कर्ते दोन, तरी वाक्य बिनबोभाट चालतं. ‘पाऊस पडून रस्ता खचला’ हेही तसंच. अशी उदाहरणं गोळा करत गेलात तर एक नमुना दिसतो : या वाक्यांत मुद्दाम काही करणारं कोणी नसतं, आणि पहिल्या घटनेमुळे दुसरी घडलेली असते. एकाही बाजूला जाणूनबुजून वागणारा माणूस आला की ही सूट बहुधा संपते. ‘बाटली पडून तिने फरशी पुसली’ म्हणून बघा, लगेच अडखळाल.

दुसरी फट अजून बारीक आहे. ‘तिला निकाल पाहून धक्का बसला.’ ‘बसला’चा व्याकरणातला कर्ता धक्का. पण निकाल धक्क्याने पाहिला नाही, तिने पाहिला. म्हणजे ‘ऊन’ ज्याला शोधतं तो नेहमी प्रथमेतला शब्द नसतो. ज्याच्या मनात ते घडलं तो माणूस ‘ला’ लावून बसला असला तरी साखळी त्यालाच पकडते. म्हणूनच दक्षिण आशियाई भाषांमध्ये ‘खरा कर्ता कोण’ हे ठरवताना अभ्यासक ही रचना कसोटी म्हणून वापरतात. वाक्यात ‘ऊन’ घालायचं आणि ते कोणाकडे जातं ते बघायचं.

शोधनिबंधात आणखी एक प्रकार सर्रास येतो : ‘माती वाळवून चाळण्यात आली.’ इथे कर्ता छापलेलाच नाही. तरी वाचणारा दोन्ही कामं एकाच हाताने केली असं धरून चालतो. वाळवली शेतकऱ्याने आणि चाळली तुम्ही, असं असेल तर हे वाक्य वाचकाला चुकीचं सांगतंय, आणि व्याकरणात कुठेही लाल रेघ दिसणार नाही.

अट दुसरी : आधी आणि नंतर

‘वाळवून कुटली’ आणि ‘कुटून वाळवली’ ही दोन वेगळ्या पद्धतींची वर्णनं आहेत, कारण क्रम उलटला. इथे पाणिनीची दुसरी अट सरळ लागू पडते. पण हे बघा :

‘हातमोजे घालून आम्ल ओतलं.’
‘काचेच्या कांडीने ढवळून मीठ विरघळवलं.’
‘भांडं जास्त तापून तडकलं.’

पहिल्यात हातमोजे आधी घातले हे खरं, पण ओततानाही ते हातात आहेतच. घालण्याची क्रिया संपली, तिचा परिणाम उरला. दुसऱ्यात ढवळणं आणि विरघळवणं या दोन वेळा नाहीतच, ढवळणं ही विरघळवण्याची रीत आहे. तिसऱ्यात तापणं हे कारण आहे. ‘ऊन’ स्वतः यातलं काही सांगत नाही. ते फक्त म्हणतं, ही क्रिया पुढच्या क्रियेला जोडलेली आहे. जोड क्रमाची, रीतीची की कारणाची, हे आपण जगाच्या अनुभवावरून भरतो.

ओळखायची सोपी युक्ती : ‘ऊन’च्या पुढे ‘मग’ घाला. ‘माती वाळवून मग कुटली’ छान वाटतं, म्हणजे क्रम आहे. ‘ढवळून मग विरघळवलं’ म्हटलं की अर्थच बदलतो, म्हणजे आधी ती रीत होती. जिथे क्रम चुकला तर प्रयोग चुकतो, तिथे ‘मग’ किंवा ‘त्यानंतर’ लिहूनच टाका. वाचकाच्या अनुभवावर सोडू नका, कारण तुमची पद्धत वाचणारा त्या कामात नवखा असू शकतो.

खरी गोम : ‘नाही’ कुठपर्यंत पोचतं?

काळ शेवटच्या क्रियापदावरून मागे पसरतो, हे आपण पाहिलं. मग नकारही तसाच पसरतो का? इथे खरा घोळ आहे.

‘माती चाळून सामू मोजला नाही.’

याचे तीन अर्थ निघतात. एक, सामू मोजला, पण न चाळलेल्या मातीचा. दोन, माती चाळली, सामू मोजायचा मात्र राहिला. तीन, दोन्ही झालं नाही. एकच वाक्य, आणि प्रयोगशाळेतल्या तीन अगदी वेगळ्या परिस्थिती. पहिल्यात तुमच्याकडे आकडा आहे पण त्यावर शंका आहे. दुसऱ्यात नमुना तयार आहे, आकडा नाही. तिसऱ्यात पहिल्यापासून सुरुवात.

बोलताना हा प्रश्न फारसा येत नाही. ‘चाळून’वर जोर दिला की पहिला अर्थ निघतो. कागदावर मात्र जोर उमटत नाही, आणि वाचणारा संदर्भावरून अंदाज बांधतो. ‘तो जेवून गेला नाही’ ऐकून आपण म्हणतो, गेला, पण उपाशी. ‘त्याने उठून दिवा लावला नाही’ ऐकून म्हणतो, उठलाही नाही, लावलाही नाही. रचना तीच, नकाराची पोच वेगळी. आज्ञेतही हेच. ‘बाटली हलवून उघडू नका’ यात उघडायला बंदी नाही, हलवायला आहे. ‘बाहेर जाऊन खेळू नकोस’ यात मात्र बाहेर जाण्यालाच बंदी आहे असं पोरं समजतात, आणि बरोबर समजतात.

उपाय भाषेतच आहे. ‘ऊन’ला थेट नकार लागत नाही. ‘न चाळून’ असं आपण म्हणत नाही, ‘न चाळता’ म्हणतो. म्हणून पहिला अर्थ हवा असेल तर ‘माती न चाळता सामू मोजला.’ दुसरा हवा असेल तर साखळी तोडा : ‘माती चाळली, पण सामू मोजला नाही.’ तिसरा हवा असेल तर ‘माती चाळलीही नाही आणि सामू मोजलाही नाही.’ तीन अर्थांना तीन वाक्यं. साखळीच्या शेवटी ‘नाही’ आलं की थांबायचं आणि विचारायचं, मला यातलं नेमकं कोणतं म्हणायचंय?

‘ऊन’ मोजले म्हणजे क्रिया मोजल्या का?

भाषेवर काम करणारे पुष्कळ जण इथून पुढे संगणकाकडे वळतात. मोठा मजकूर घ्यायचा, ‘ऊन’ शोधायचे, मोजायचे. चार ओळींचं काम :

```python
import re
shabd = [s.strip(",.!?") for s in vakya.split()]
un = [s for s in shabd if re.search("(ून|ऊन)$", s)]
print(len(un), un)
```

`strip` का, ते वेगळं सांगायला नको. ते नसेल तर ‘आणून,’ हा शब्द स्वल्पविरामामुळे जाळ्यातून निसटतो. आता आपलं सुरुवातीचं वाक्य यात घाला. उत्तर सहा येतं : शेतातून, आणून, वाळवून, कुटून, चाळणीतून, चाळून. आपण हाताने मोजलेले तर चारच होते. ‘शेतातून’ आणि ‘चाळणीतून’ यांत क्रिया नाही, तो नामाला लागलेला प्रत्यय आहे. एका वाक्यात सहापैकी दोन खोटे. मोठ्या मजकुरात यांच्या जोडीला वरून, पुण्याहून, कालपासून, अजून येतील, शिवाय जून, सून, खून आणि डोक्यावरचं ऊनही येईल. ‘म्हणून’ तर सगळ्यात फसवा. तो आला आहे ‘म्हणणे’वरूनच, पण ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ यात कोणी काही म्हणत नाही. उलट बाजूने ‘करूनही’, ‘वाळवूनच’ हे खरे असूनही सुटतील, कारण ते ‘ऊन’वर संपत नाहीत.

नामं आणि प्रत्यय गाळले तरी एक अडचण उरते. ‘तिने कागद फाडून टाकला.’ क्रिया किती? बहुतेक वेळा एकच. ‘टाकला’ इथे फेकण्याबद्दल नाही, काम पुरतं संपवलं एवढंच तो सांगतो. ‘निघून गेला’, ‘लिहून ठेवलं’, ‘खाऊन घेतलं’ ही सगळी याच जातीची संयुक्त क्रियापदं आहेत. कसोटी अशी : दुसऱ्या क्रियापदाला स्वतःचं ठिकाण किंवा स्वतःचं कर्म देऊन बघा. ‘तिने कागद फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकला.’ आता ‘टाकला’ला जागा मिळाली, तो खराखुरा टाकला, आणि क्रिया दोन झाल्या. ‘खाऊन टाकलं’मध्ये अशी जागा घालता येत नाही, कारण काही फेकलेलंच नाही. ही कसोटी संगणकाला सहज लावता येत नाही, म्हणून शंभरेक वाक्यं हाताने तपासून मगच आकडा लिहायचा. न तपासता काढलेली संख्या क्रियांची नसते, अक्षरांची असते.

तेच वाक्य, पुन्हा

आता सुरुवातीच्या वाक्याकडे कार्यपद्धती लिहिणाऱ्याच्या नजरेने बघू. समजा, माती शेतकऱ्याने आणून दिली, ती आपोआप नव्हे तर तुम्ही पसरून वाळवली, आणि मोजणी माती व पाणी १ : २.५ या प्रमाणात घेऊन केली. तर एका दमात साखळी ओढण्यापेक्षा असं लिहिता येईल :

‘मातीचा नमुना शेतकऱ्याने आणून दिला. तो सावलीत पसरून वाळवला आणि लाकडी खलबत्त्यात कुटून २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळला. त्यानंतर २० ग्रॅम माती ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून सामू मोजला.’

‘ऊन’ अजूनही आहेत. पण ‘आणून दिला’ हे संयुक्त क्रियापद त्याच्या खऱ्या कर्त्याजवळ आहे. ‘पसरून’ आणि ‘ढवळून’ या रीती आहेत, त्या आपापल्या क्रियापदाला चिकटून आहेत. ‘कुटून’ खराखुरा क्रम सांगतं. जिथे कर्ता बदलला तिथे वाक्य तोडलं, आणि जिथे क्रम चुकवून चालणार नाही तिथे ‘त्यानंतर’ आलं.

तुमच्या वहीतलं सगळ्यात लांब वाक्य काढा आणि त्यातल्या प्रत्येक ‘ऊन’ला विचारा : तुझा कर्ता शेवटच्या क्रियापदाचाच आहे ना? तू आधी घडलास, की रीत सांगतोयस? आणि शेवटी ‘नाही’ असेल तर ते तुझ्यापर्यंत पोचतंय का? ज्याचं उत्तर कागदावर सापडत नाही, तिथे पूर्णविराम द्या. सापडलेली गमतीशीर वाक्यं खाली टिप्पणीत लिहा. विशेषतः ‘बाटली पडून’सारखी दोन कर्त्यांची उदाहरणं मी गोळा करतेय.